गोंधळ्याची मुलाखत: बोलण्यापासून छापील पानापर्यंत

विषयाची मर्यादा

विधिकर्ता म्हणजे एखादे धार्मिक कार्य परंपरेने मिळालेल्या अधिकाराने पार पाडणारी व्यक्ती. गुरव, भोपे, आराधी, वाघ्या, पोतराज, भगत आणि गोंधळी ही सारी मंडळी या व्याख्येत येतात. त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवून घेणे हे मौखिक इतिहासाचे काम आहे. ती नोंद वाचकापुढे ठेवण्याचे काम वेगळे असून अधिक अवघड आहे, कारण बोलणे संपून लिहिणे सुरू झाले की प्रत्येक ओळीत निवड करावी लागते. या लेखात जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याचा परिसर आणि तेथील गोंधळी परंपरा एवढेच क्षेत्र घेतले आहे.

परिसर आणि परंपरा

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाचे लक्ष प्रथम लिखित संतपरंपरेकडे जाते. परंतु घराघरांतील कुलाचार दुसऱ्या दिशांना बांधलेला असतो: अंबडची मत्स्योदरी, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका. लग्नानंतर किंवा नवस फेडताना कुलदैवतासाठी गोंधळ घातला जातो. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई असे दोन भेद मानतात. पहिले तुळजाभवानीचे उपासक, दुसरे रेणुकेचे. संबळ, तुणतुणे, झांज आणि पेटलेली दिवटी ही त्यांची सामग्री. पाटावर नवे वस्त्र अंथरून धान्याचा चौक भरतात, कलश मांडतात, ठिकठिकाणच्या देवतांना नावाने बोलावतात, पदे म्हणतात, मग आख्यान लावतात आणि शेवटी आरती होते.

हा प्रदेश 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. निजामी राज्यातील जाती-जमातींवर सय्यद सिराज-उल-हसन यांचा मोठा ग्रंथ 1920 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळच्या अशा ग्रंथांची रीत जातवार वर्णनाची होती. त्यांत ‘अमुक जातीचे लोक असे करतात’ अशी वाक्ये असतात. ‘मी असे करतो’ म्हणणारा माणूस नसतो. मौखिक इतिहासाची मुलाखत ही उणीव भरून काढते. मात्र निष्काळजी संपादनाने तीच मुलाखत पुन्हा जातवर्णनाकडे सरकते आणि माणूस हरवतो.

एकाच मुलाखतीतील तीन प्रकारचे बोलणे

गोंधळ्याच्या मुलाखतीत तीन प्रकारचे बोलणे एकमेकांत मिसळलेले असते. पहिला प्रकार आयुष्याचा: बालपण, फिरती, शिक्षण, दुष्काळाची वर्षे. दुसरा विधीविषयीच्या माहितीचा: चौक कसा भरायचा, दिवटी कोणी धरायची, कोणते पद केव्हा म्हणायचे. तिसऱ्या प्रकारात विधीच बोलतो. देवतांना बोलावणारे शब्द उच्चारले गेले की ते वर्णन राहत नाही, ती कृती होते.

छापताना या तिघांना वेगळे ओळखणे ही पहिली जबाबदारी आहे. आयुष्याविषयीचे बोलणे संक्षिप्त करता येते, क्रम बदलता येतो, पुनरुक्ती गाळता येते. विधीविषयीच्या माहितीत क्रम बदलला तर माहितीच चुकते. आवाहनाच्या शब्दांना तर संपादकाने हातच लावू नये. छापायचे तर जसेच्या तसे, अन्यथा मुळीच नाही. मुलाखतीत चौक आणि दिवटी नसताना गोंधळ्याने ‘नमुना’ म्हणून दोन कडवी म्हणून दाखवली असतील, तर तसा स्पष्ट उल्लेख त्याच जागी हवा. काही गोंधळी दिवटीशिवाय आवाहन म्हणत नाहीत. हा नकार म्हणजे मुलाखतीतील रिकामी जागा नव्हे. विधीचे शब्द केव्हा उच्चारावेत याबद्दलची ती महत्त्वाची माहिती आहे आणि ती तशीच छापावी.

प्रत्यक्ष गोंधळाचे ध्वनिमुद्रण करायचे असेल तर गोंधळ्याबरोबर यजमानाचीही परवानगी लागते. कुळाचे नाव, नवसाचे कारण, घरातील आजारपण हे सारे त्या रात्री मोठ्याने उच्चारले जाते आणि ते त्या घराचे असते. यंत्राच्या दृष्टीनेही मुलाखत आणि गोंधळ वेगळे ठेवणे बरे. संबळाचा टिपेचा नाद जवळ ठेवलेल्या माइकवर शब्द बुडवून टाकतो. माइक गाणाऱ्याकडे सरकवून संबळापासून दूर ठेवावा लागतो.

शब्दांकन म्हणजे निवड

एक तासाच्या मुलाखतीचे शब्दांकन करण्यास साधारणपणे पाच-सहा तास लागतात. बोलीचा भाग अधिक असेल किंवा मध्ये पदे असतील तर त्याहून जास्त. हा वेळ ऐकण्यापेक्षा ठरवण्यात जातो. निवड कशी बदलते हे दाखवण्यासाठी येथे एक छोटा उतारा मुद्दाम रचला आहे; तो कोणा प्रत्यक्ष व्यक्तीचा नाही.

ऐकू येते तसे: “आमचा आजा सांगायचा… म्हंजे बापाचा बाप. त्यो घरोघर जायचा. तव्हा पैसा कुठं व्हता? ज्वारी भेटायची, पायली-दोन पायली. ती काय भीक नव्हती, मान व्हता. आता कोन देतंय ज्वारी.”

वाचनीय रूप: “आमचा आजा सांगायचा, म्हंजे बापाचा बाप. तो घरोघर जायचा. तव्हा पैसा कुठं होता? ज्वारी भेटायची, पायली-दोन पायली. ती काय भीक नव्हती, मान होता. आता कोण देतंय ज्वारी.”

अतिसंस्कारित रूप: “माझे आजोबा घरोघरी जाऊन गोंधळ घालत असत. त्या काळी मोबदला रोख रकमेऐवजी धान्याच्या स्वरूपात मिळे. आता ही पद्धत राहिलेली नाही.”

तिसऱ्या रूपात व्याकरण निर्दोष आहे, पण इतिहास बिघडला आहे. ‘मोबदला’ हा शब्द करारातला आहे. गावगाड्यातील अलुतेदारांच्या अनेक याद्यांत गोंधळ्याचे नाव येते. त्या व्यवस्थेत धान्य हे एकेका कामाचे दाम नसून गावाशी असलेल्या नात्याचे चिन्ह होते. बोलणाऱ्याने भीक आणि मान यांत केलेला फरक हाच उताऱ्याचा गाभा आहे आणि संस्कारित वाक्यात तोच गळून पडला. ‘बापाचा बाप’ हा खुलासाही पाहण्यासारखा आहे. समोरच्या परक्या माणसाला समजावे म्हणून बोलणारा थांबला, हे त्यातून कळते. शेवटच्या वाक्यात प्रश्नाचे रूप आहे, पण तो प्रश्न नाही. तेथे प्रश्नचिन्ह घातले तर खंत जाऊन चौकशी उरते.

पहिले रूप संग्रहासाठी योग्य आणि दुसरे छपाईसाठी. दुसऱ्यात ‘त्यो’, ‘व्हता’, ‘कोन’ हे केवळ उच्चाराचे भेद प्रमाण केले आहेत. ‘तव्हा’, ‘आजा’ आणि मिळण्याच्या अर्थाने वापरलेले ‘भेटायची’ मात्र राखले आहे, कारण तो शब्दसंग्रह आहे. मराठवाड्यात वस्तू ‘भेटते’. ‘मिळायची’ असे लिहिणे म्हणजे भाषांतर करणे. उच्चार सैल करावा, शब्द आणि वाक्यरचना धरून ठेवावी, हे धोरण बहुतेक ठिकाणी टिकते.

या धोरणाला एक अट आहे आणि ती हमखास मोडली जाते. मुलाखतकारही बोलताना ‘म्हंजे’, ‘अस्तं’, ‘कायतरी’ असेच म्हणत असतो. त्याचे प्रश्न स्वच्छ प्रमाण मराठीत आणि गोंधळ्याची उत्तरे उच्चारानुसारी लेखनात छापली, तर एक सुशिक्षित आणि दुसरा अडाणी असे चित्र पानावर तयार होते. प्रत्यक्षात दोघेही सारखेच सैल बोलत होते. जो नियम उत्तराला लावला तोच प्रश्नालाही लावला पाहिजे.

चिन्हांबाबत थोडक्यात एवढेच. बोलणारा थांबला तर तीन टिंबे. संपादकाने मजकूर गाळला तर चौकटी कंसातील तीन टिंबे. न समजलेला शब्द ‘[अस्पष्ट]’ असा. अंदाजाने शब्द भरणे हा या कामातील सर्वांत घातक दोष होय, कारण छापल्यावर अंदाज आणि नोंद सारखेच दिसतात. पदांच्या ओळी मात्र व्याकरणाच्या विरामानुसार न तोडता गायकाच्या श्वासानुसार तोडाव्यात आणि झीलकऱ्यांनी उचललेला भाग वेगळा दाखवावा.

पारिभाषिक शब्द आणि ‘गोंधळ’ हाच शब्द

जोगवा, परडी, पोत, चौक, दिवटी, बिदागी हे शब्द मजकुरात तसेच राहावेत. अर्थ द्यायचा तर प्रथम बोलणाऱ्याने स्वतः दिलेला. कोशातील अर्थ त्यानंतर, आणि दोन्ही जुळत नसतील तर तसे नमूद करून. ‘जोगवा’ला सरळ ‘भिक्षा’ म्हटले की देवीच्या नावाने मागण्यातील व्रताचा अर्थ नाहीसा होतो.

सर्वांत मोठा धोका ‘गोंधळ’ या शब्दातच आहे. रोजच्या मराठीत गोंधळ घालणे म्हणजे अव्यवस्था माजवणे. या दोन अर्थांवर कोटी करणारे शीर्षक संपादकाला सहज सुचते आणि ते वाचकाला रुचतेही. परंतु ज्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या हा शब्द देवीच्या सेवेचे नाव आहे, त्याला ते लागते. अशी कोटी टाळावी. मुलाखतीचा मथळा शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांतून घ्यावा.

करपल्लवी: जे लिहू नये ते

गोंधळ्यांची करपल्लवी ही हातांच्या व बोटांच्या खुणांची भाषा आहे. प्रेक्षकांपैकी कोणी आपले नाव एका गोंधळ्याच्या कानात सांगतो. तो दूर उभ्या असलेल्या साथीदाराला बोटांच्या हालचालींनी ते कळवतो आणि साथीदार नाव मोठ्याने जाहीर करतो. अक्षरांचे वर्ग आणि वर्गातील अक्षराचे स्थान या क्रमाने खुणांची मांडणी असते. ध्वनिमुद्रणात यातील काहीच उतरत नाही. तेथे केवळ शांतता आणि मग एक नाव ऐकू येते. म्हणून शब्दांकनात त्या जागी ‘[हातांच्या खुणा, सुमारे दहा सेकंद]’ अशी नोंद लागते, नाहीतर पुढचे वाक्य निराधार वाटते.

चित्रफीत घेतली तर खुणांचा उलगडा करणे शक्य होते आणि नेमका तेथेच प्रश्न उभा राहतो. करपल्लवीचा प्रभाव ती प्रेक्षकाला न कळण्यावर उभा आहे. तिची संपूर्ण किल्ली छापणे म्हणजे एका कुटुंबाच्या उपजीविकेचा भाग उघड करणे. अभ्यासकांनी करपल्लवीविषयी पूर्वी लिहिले आहे, म्हणून आता काही लपवण्यासारखे उरले नाही, हा युक्तिवाद अपुरा आहे. सामान्य तत्त्व माहीत असणे वेगळे आणि विशिष्ट घराण्याच्या खुणांचा तक्ता हाती पडणे वेगळे. तत्त्व सांगावे, तक्ता देऊ नये; आणि तो दिलेला नाही हे वाचकाला उघडपणे सांगावे.

संमती: एक सही पुरत नाही

संमती म्हणजे कशासाठी, कोठे आणि किती काळ बोलणे वापरले जाईल हे समजून दिलेला होकार. मुलाखतीच्या सुरुवातीला घेतलेली सही या व्याख्येत पूर्णपणे बसत नाही, कारण पुढे आपण काय बोलणार आहोत हे त्या क्षणी बोलणाऱ्यालाही माहीत नसते. म्हणून संमती तीन वेळा घ्यावी लागते: ध्वनिमुद्रणापूर्वी, ध्वनिमुद्रण ऐकवल्यानंतर आणि छपाईपूर्वी मजकूर वाचून दाखवल्यानंतर. तिसरी बैठक सर्वांत फलदायी ठरते. तेथे चुका सापडतात, काही वाक्ये मागे घेतली जातात, तर काही नवी जोडली जातात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्याने वाचून दाखवणे अनिवार्य आहे; ज्यांना वाचता येते त्यांच्यासाठीही ते उपयुक्त आहे, कारण आपले बोलणे कानाला ओळखू येते, डोळ्यांना तितके नाही.

तोंडी संमती ध्वनिमुद्रित केलेली असेल तर ती अंगठ्यापेक्षा बरी. तिच्यात नेमके काय विचारले गेले हेही टिकते. होकार मागे घेण्याची अंतिम तारीख आधी सांगावी. मजकूर छापखान्यात गेल्यावर शब्द परत घेता येत नाही आणि ही वस्तुस्थिती लपवून घेतलेला होकार खरा होकार नसतो.

आयुष्याविषयीचे बोलणे एका व्यक्तीचे असते, तर पदे, घराण्याची आख्याने आणि करपल्लवी भाऊबंदांत सामाईक असतात. तरुण मुलाने उत्साहाने सर्व सांगून टाकले आणि घरातील वडीलधाऱ्यांना ते नंतर कळले, तर मुलाची सही असूनही अन्याय होतो. कायद्याची चौकट येथे काही अंशीच मदत करते. 1957 च्या प्रतिलिपी अधिकार कायद्यात सादरकर्त्याचे हक्क मान्य आहेत. त्यांची मुदत 50 वर्षांची असून गाणारा-वाजवणारा त्या व्याख्येत येतो. पण तो कायदा सादर करणारी व्यक्ती ओळखतो, घराण्याची सामाईक ठेव ओळखत नाही. ती ओळखण्याचे काम मुलाखतकाराला स्वतः करावे लागते.

मुलाखतीत गोंधळ घातला गेला तर रीतीप्रमाणे बिदागी द्यावी. मात्र बिदागी ही सेवेची असते. तिच्या बदल्यात छापण्याचा हक्क मिळाला असे समजणे चूक आहे, आणि ही गोष्ट पैसे देतानाच बोलून स्पष्ट करावी.

नाव द्यावे की झाकावे

सामाजिक संशोधनात नाव बदलण्याची सवय इतकी रुळली आहे की तो आदरच वाटू लागतो. परंतु गोंधळी हा कलावंतही आहे. त्याचे नाव हीच त्याची पत. त्याच्या आख्यानावर ‘एक गोंधळी, वय 60’ असे लिहिणे म्हणजे गायकाचे श्रेय काढून घेणे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांत लाखाच्या घरात जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आहेत आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव दिले जाते. ज्यांचे गाणे कित्येक वर्षे ‘लोकांचे’ म्हणून निनावी राहिले, त्या बायकांना त्यातून श्रेय मिळाले.

नाव झाकणे खरोखर आवश्यक असते तेव्हाही ते सोपे नसते. एखाद्या गावात गोंधळ्याचे घर एकच असेल तर नाव बदलून काही उपयोग नाही. गाव, वय, नातेवाईक यांवरून तालुक्यातील कोणीही ओळखतो. अशा वेळी संपूर्ण मुलाखत झाकण्यापेक्षा धोक्याचे दोन परिच्छेद मूळ ओघातून काढून, नावाशिवाय, अन्यत्र देणे अधिक सुरक्षित ठरते.

धोका कोणता, याचे भान कायद्यामुळेही ठेवावे लागते. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा आहे. उपासना, कीर्तन, यात्रा यांना तो आडकाठी करत नाही. मात्र अंगात संचार झाल्याचे भासवून लोकांना फसवणे किंवा धमकावणे, मंत्राने रोग बरा करण्याच्या नावाखाली उपचार रोखणे अशा गोष्टी त्याच्या कक्षेत येतात. भगताने फुशारकीने सांगितलेले एक वाक्य छापून आल्यावर त्याच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते. मुरळीच्या आठवणींना देवदासी प्रथेविरुद्धच्या 2005 च्या कायद्याची पार्श्वभूमी आहे. तिला लहानपणी देवाला वाहिले असेल तर त्या हकिकतीत ती अन्याय सोसणारी असते आणि तिच्या घरचे लोक कदाचित दोषी. म्हणून मुलाखतकाराने सुरुवातीलाच सांगावे की गुप्ततेचे वचन मर्यादित आहे: लेकराला किंवा रुग्णाला इजा होत असल्याचे कळले तर ते दडवून ठेवता येणार नाही.

अवतरण

अवतरण म्हणजे दुसऱ्याचे शब्द त्याच्या नावावर आपल्या मजकुरात बसवणे. यात अनादर बहुधा क्रियापदातून शिरतो. ‘देवी अंगात येते असे ते सांगतात’ आणि ‘देवी अंगात येते असा त्यांचा दावा आहे’ यांतील दुसरे वाक्य निकाल देऊन मोकळे होते. शंकेची अवतरणचिन्हेही तेच काम करतात. ‘संचार’ या शब्दाभोवती ती घातली की लेखकाने डोळा मिचकावल्यासारखे होते. लेखकाला मतभेद असेल तर तो स्वतःच्या परिच्छेदात, स्वतःच्या नावाने मांडावा. दुसऱ्याच्या वाक्यात घुसून नव्हे.

परंपरेची उत्पत्तिकथा हे याचे चांगले उदाहरण आहे. परशुरामाने बेटासुराला मारून त्याच्या शिरापासून व स्नायूंपासून तंतुवाद्य केले, ते माता रेणुकेपुढे वाजवले आणि तेथून गोंधळ सुरू झाला, असे गोंधळी सांगतात. दुसरीकडे बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ आणि देवगिरीच्या दरबाराशी संबंधित शार्ङ्गदेवाचा तेराव्या शतकातील ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथांत येणाऱ्या ‘गोंडली’ वा ‘गौंडली’ नावाच्या नृत्यप्रकाराशी अभ्यासक गोंधळाचा संबंध जोडतात. कथेखाली ‘वस्तुतः’ अशी तळटीप टाकून ग्रंथांचा पुरावा दिला, तर बोलणारा खोटा ठरतो. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तर दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिसतात: हे नृत्य लिखाणात केव्हापासून आढळते, हा एक प्रश्न, संबळ हाती घेण्याचा अधिकार आपल्याकडे कोठून आला असे गोंधळी मानतो, हा दुसरा. मुलाखत दुसऱ्या प्रश्नाचा अस्सल पुरावा आहे. पहिल्याचा ती पुरावा नाही आणि तिच्याकडून तो मागूही नये.

तोडलेले वाक्य हा आणखी एक दोष. ‘आता कोण देतंय ज्वारी’ एवढेच उचलून मोठ्या अक्षरांत छापले तर तक्रार दिसते; त्याआधीचे ‘मान होता’ सोडल्यामुळे तक्रार कशाबद्दल हे दिसत नाही. अवतरण इतके लांब असावे की बोलणाऱ्याला ते आपले म्हणून ओळखू यावे.

परत देणे आणि वेळ

ध्वनिमुद्रणाची प्रत, शब्दांकनाची प्रत आणि छापील अंक या तिन्ही गोष्टी बोलणाऱ्याच्या घरी पोहोचल्या पाहिजेत. फोनवर चालेल अशा स्वरूपातील ध्वनिमुद्रण सर्वांत उपयोगी, कारण पुढची पिढी पदे त्यावरून पाठ करू शकते. मजकूर वाचून दाखवण्याची बैठकही गोंधळ्याच्या वर्षाप्रमाणे ठरवावी लागते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि तो घरी सापडत नाही. नवरात्रात त्याला उसंत नसते. आषाढापासून भाद्रपदापर्यंतचे दिवस त्यातल्या त्यात मोकळे असतात, म्हणून दिवाळी अंकासाठीची मुलाखत आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात घ्यावी आणि अंकाच्या वर्षीच्या पावसाळ्यात वाचून दाखवावी. एवढा अवधी नसेल तर ती मुलाखत त्या वर्षी छापू नये.